हँडलवरच्या मोबाईलचा व्हिडिओ जेलीसारखा लडबडतो, शटर वाढवून उलट बिघडला

ताई, मी बाईकच्या हँडलला होल्डर लावून मोबाईलवर रस्त्याचे व्हिडिओ काढतो, 4K, 30 फ्रेम. घरी येऊन बघितलं की खांब, इमारती, समोरच्या गाड्या, सगळं जेलीसारखं लडबडत असतं. मित्र म्हणाला शटर स्पीड वाढव, तर प्रो मोडमध्ये 1/2000 केला आणि आणखीनच वाईट झालं. एडिटिंगमध्ये Warp Stabilizer टाकला तर रस्ताच पिळवटल्यासारखा दिसतो. काढून ठेवलेल्या क्लिप वाचतील का, आणि पुढच्या वेळी काय करू?

---

मित्राचा सल्ला ब्लरसाठी बरोबर आहे रे, पण तुझ्या व्हिडिओत ब्लर हा प्रॉब्लेमच नाहीये. जेलीवर फास्ट शटर मारला की जेली जात नाही, ती अजून स्वच्छ आणि शार्प दिसायला लागते, आणि तुझं नेमकं तेच झालंय. हे का होतं ते एकदा नीट बघू, कारण ते कळलं की कुठली क्लिप वाचेल आणि कुठली नाही हे तुझं तुलाच कळेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

मोबाईलचा सेन्सर अख्खी फ्रेम एका क्षणात टिपत नाही. तो वरच्या ओळीपासून सुरू करतो आणि एकेक ओळ वाचत खाली येतो. झेरॉक्स मशीनचा लाईट सरकत असताना कागद हलवला की अक्षरं कशी वाकडी ओढलेली येतात, अगदी तसंच. वरून खालपर्यंत जायला लागणारा वेळ म्हणजे रीडआउट टाईम. तो फोन आणि मोडप्रमाणे बदलतो, पण मोबाईलवर 4K ला 10 ते 30 मिलिसेकंदाच्या आसपास धरून चाल. आणि हा वेळ शटर स्पीडवर अवलंबून नाही, इथेच बहुतेक लोक फसतात. 1/2000 म्हणजे प्रत्येक ओळ अर्धा मिलिसेकंद उघडी राहिली इतकंच, पहिली ओळ आणि शेवटची ओळ ह्यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं.

आता बाईक. समज तुझं इंजिन सिंगल सिलिंडर आहे आणि तू 3000 आरपीएमला चालवतोयस. 3000 फेरे मिनिटाला म्हणजे 50 फेरे सेकंदाला, आणि अशा इंजिनची मुख्य थरथर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येते. म्हणजे हँडल 20 मिलिसेकंदात एकदा डावीकडे जाऊन उजवीकडे येऊन परत जागेवर. तुझ्या फोनचा रीडआउट पण 20 मिलिसेकंद असेल तर एका फ्रेमच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाईस्तोवर फोन एक अख्खा झोका खाऊन आला, म्हणून उभा खांब त्या फ्रेममध्ये एका पूर्ण लाटेच्या आकाराचा छापला जातो. 6000 आरपीएमला दोन लाटा. 1500 ला, म्हणजे सिग्नलला उभा असताना, अर्धी लाट, तेव्हा खांब नुसता एका बाजूला फुगल्यासारखा दिसेल.

हे मी हिशोबासाठी सांगत नाहीये, तुझ्या क्लिपमध्ये हे बघता येतं. क्लिप पॉज कर, एखादा सरळ उभा खांब किंवा इमारतीची कड शोध (झाडावर अजिबात जाऊ नकोस, झाड मुळातच वाकडं असतं) आणि लाटा मोज. मग जिथे तू अ‍ॅक्सिलरेटर पिळलायस, इंजिनचा आवाज चढलाय, तिथली फ्रेम घे. आवाजाबरोबर लाटांची संख्या वाढली तर दोषी इंजिनची थरथर. आवाज चढूनही लाटा तेवढ्याच, किंवा खड्ड्यातून गेल्यावरच लडबड येते, तर होल्डर सैल आहे किंवा त्याचा दांडा लांब आहे आणि तोच स्वतःच्या वेगाने हलतोय. आणि लाट नाहीच, पण वळताना सगळ्या इमारती एकाच बाजूला तिरक्या झुकतात, तर तो साधा तिरपेपणा आहे, त्यावर उपाय सगळ्यात सोपा.

आता तुझ्या फोनचा रीडआउट काढू, कारण पुढे एडिटिंगमध्ये हा आकडा लागणार आहे. बाईक नको, घरीच होतं. त्याच लेन्सवर, त्याच 4K 30 मोडला, स्टॅबिलायझेशन बंद करून फोन आडवा धर आणि दाराच्या उभ्या चौकटीवरून किंवा खांबावरून झपकन बाजूला पॅन कर. चौकट फ्रेमच्या वरपासून खालपर्यंत पूर्ण दिसली पाहिजे, आणि पॅन मध्येच हळू-जलद न होता एकसारखा असला पाहिजे. मग एडिटरमध्ये एकेक फ्रेम पुढे जाऊन दोन गोष्टी मोज. एक, चौकटीचा मधला बिंदू एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमला किती सरकला. दोन, एकाच फ्रेममध्ये चौकटीचं वरचं टोक आणि खालचं टोक ह्यांच्यात आडवं अंतर किती पडलं. समज पहिलं 300 पिक्सेल आलं आणि दुसरं 180. 180 भागिले 300 म्हणजे 0.6. 30 फ्रेमला दोन फ्रेममधलं अंतर 33.3 मिलिसेकंद, त्याचे 0.6 म्हणजे 20 मिलिसेकंद, हा तुझा रीडआउट. पिक्सेल मोजायचा कंटाळा असेल तर स्क्रीनवर सरळ पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोज, आपल्याला फक्त प्रमाण हवंय. चार-पाच फ्रेमवर करून बघ, आकडे जवळपास सारखे यायला हवेत. खूप उड्या मारत असतील तर एकतर पॅन एकसारखा नव्हता, नाहीतर फोनने मागच्या दाराने स्टॅबिलायझेशन चालू ठेवलंय.

आणि हो, फोन उभा धरून काढत असशील तर ओळी पण उभ्या होतात, वाचन डावी-उजवीकडे सरकतं. मग पॅन केल्यावर वस्तू तिरक्या न होता जाड-बारीक होतात, आणि थरथरीने रस्त्याची क्षितिजरेषा लाटांची दिसते. म्हणून ही टेस्ट फोन आडवा धरूनच कर.

आता काढून ठेवलेल्या क्लिप. सरळ सांगते, ज्या भागात फ्रेममध्ये पाव लाटेपेक्षा कमी वाकडेपणा आहे तो बऱ्यापैकी वाचेल, अर्धी किंवा जास्त लाट आहे तो सॉफ्टवेअरने सरळ होणार नाही. कारण असं, की सॉफ्टवेअरकडे फोन कसा हलला ह्याची माहिती फक्त चित्रातून येते, ह्या फ्रेममधले बिंदू पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेले ते बघून. म्हणजे त्याला सेकंदाला 30 वेळाच कळतं फोन कुठे आहे, मधल्या काळात तो गुपचूप सरळ रेषेत हलला असं ते धरून चालतं. हळू पॅनला हा अंदाज बरोबर निघतो, म्हणून तिरपेपणा सुंदर जातो. पण सेकंदाला 50 झोके खाणारी वस्तू 30 वेळा बघून तिचा खरा मार्ग कसा कळणार, ते चुकीचा मार्ग बनवतं आणि त्याप्रमाणे चित्र ओढतं. तुझा पिळवटलेला रस्ता तिथूनच आला.

Premiere मध्ये करतोयस असं तू लिहिलेल्या इफेक्टवरून दिसतंय, तर क्रम असा ठेव. आधी मूळ क्लिपवर, कुठलाही क्रॉप, स्केल, स्पीड न बदलता, `Rolling Shutter Repair` टाक. त्यात `Rolling Shutter Rate` नावाचा आकडा आहे, तो टक्केवारीत आहे आणि त्याचा अर्थ फ्रेमच्या वेळेपैकी किती वेळ वाचनात गेला. म्हणजे तू आत्ता चौकटीवर काढलेला 0.6 तोच इथे 60 म्हणून जातो, वेगळं काही करायचं नाही. डिफॉल्टला 50 असतो आणि लोक तसाच सोडून देतात, मग अर्धवट दुरुस्ती होते आणि दोष सॉफ्टवेअरला. `Scan Direction` वरून खाली ठेव, पण होल्डरमध्ये फोन उलटा बसवला असशील तर खालून वर कर. दिशा चुकली की तिरपेपणा जायच्या ऐवजी दुप्पट होतो, त्यामुळे चुकलंय हे लगेच दिसतं. `Method` ला आधी `Warp` बघ.

मग ती क्लिप नेस्ट कर आणि नेस्टवर `Warp Stabilizer` लाव. तुझ्याकडे बहुतेक त्याची मेथड `Subspace Warp` वर राहिली असणार, डिफॉल्ट तीच असते. ती फ्रेमचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळे ओढते, आणि आधीच लाटा असलेल्या चित्रात प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने जातो, म्हणजे जेलीवर अजून एक जेली. त्याऐवजी `Position, Scale, Rotation` घे. `Advanced` मधला `Rolling Shutter Ripple` ह्या मेथडला चालत नाही, तो फक्त `Perspective` आणि `Subspace Warp` ला चालतो, त्यामुळे त्याच्या नादी लागू नकोस. `Smoothness` कमी ठेव, 10-15 पासून सुरू कर. बाईकचा व्हिडिओ खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्यासारखा स्थिर करायला गेलास की फ्रेम खूप क्रॉप होते आणि उरलेली लडबड उलट जास्त डोळ्यात भरते, कारण आता फक्त तीच हलत असते.

एक अडचण आहे इथे. शूट करताना फोनचं स्वतःचं डिजिटल स्टॅबिलायझेशन चालू होतं का? असेल तर फोनने प्रत्येक फ्रेम आधीच कापून, फिरवून, सरकवून ठेवलीय, आता तुझ्या व्हिडिओतली पहिली ओळ म्हणजे सेन्सरची पहिली ओळ राहिली नाही. मग 60 हा आकडा तंतोतंत बसणार नाही. 40, 50, 60 अशा तीन कॉपी करून एकाच वळणावरची एकच इमारत तिन्हींमध्ये बघ आणि सगळ्यात सरळ दिसते ती ठेव. ह्याच्या पलीकडे त्या क्लिपमधून काही निघत नाही.

जे तुकडे खूपच लाटांचे आहेत, आणि टाकवत नाहीत, त्यांच्यासाठी एक मार्ग मला आवडतो. त्यांचा स्पीड 8 पट कर आणि फ्रेम ब्लेंडिंग चालू कर. आठ फ्रेम एकत्र मिसळल्या की प्रत्येक फ्रेममधली लाट वेगळ्या जागी असल्यामुळे त्या एकमेकांना पुसून टाकतात, राहतो तो थोडा सॉफ्टपणा, आणि पळणाऱ्या रस्त्याच्या शॉटला तो शोभतो. 4K चा 1080 करून मात्र काही फायदा नाही, पिक्सेल कमी झाले तरी खांब फ्रेमच्या मानाने तेवढाच वाकडा राहतो.

आता पुढच्या वेळचं, आणि खरं काम इथेच आहे.

पहिली गोष्ट मित्राच्या सल्ल्याच्या अगदी उलट, शटर स्लो कर. का ते बघ. 1/2000 ला प्रत्येक ओळ झोक्याच्या एका नेमक्या जागेवर गोठते, वरची ओळ डावीकडे असताना, मधली उजवीकडे असताना, म्हणून लाट. शटर 1/50 केला तर प्रत्येक ओळ 20 मिलिसेकंद उघडी राहते, म्हणजे 50 च्या थरथरीचा एक अख्खा झोका प्रत्येक ओळीत सामावतो. डावीकडचं, उजवीकडचं सगळं मिसळून प्रत्येक ओळीची सरासरी जागा एकच येते, मधली. लाट गेली, तिच्या जागी थोडा ब्लर आला. 6000 आरपीएमला म्हणजे 100 च्या थरथरीला दोन अख्खे झोके, तिथेही साफ. मधल्या वेगांना पूर्ण जात नाही, पण 4500 आरपीएमला म्हणजे सेकंदाला 75 ला गणिताने लाट साधारण पाचव्या हिश्शावर येते, आणि 35 ला, म्हणजे 2100 आरपीएमला, एक तृतीयांशाच्या थोडी वर राहते. म्हणून स्लो शटरचा फायदा चालत्या गाडीला जास्त आणि सिग्नलला उभ्या गाडीला कमी, हे लक्षात ठेव.

पण कडक उन्हात 1/50 ठेवलास तर व्हिडिओ पांढरा फटक होईल. बहुतेक मोबाईलना अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, f/1.8 च्या आसपास एकच असतं. उन्हात आयएसओ 50 आणि f/1.8 ला बरोबर एक्स्पोजर साधारण 1/4000 ला येतं. (म्हणजे ऑटोवर सोडलं असतंस तरी फोनने कडक उन्हात स्वतःहून फास्ट शटरच घेतला असता.) 1/4000 वरून 1/60 ला यायचं म्हणजे प्रकाश 64 पट कमी करायचा, आणि त्याला ND64 फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसणारी काळसर काच, लागते, क्लिपवाली मिळते. ढगाळ असेल तर ND16 पुरतो, तिथे ND64 लावलास तर फोन आयएसओ वर नेईल आणि चित्र दाणेदार होईल. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल फिल्टर वाईड लेन्सवर घेऊ नकोस, फ्रेममध्ये काळपट फुलीसारखा पट्टा उमटतो. फिल्टर लावून प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/60 लॉक कर, आयएसओ ऑटो ठेव, म्हणजे सावलीत गेलास तरी शटर बदलणार नाही.

ह्याची किंमत काय, तर ब्लर. लाट जितकी मोठी होती तितका ब्लर मोठा. तुझ्या मेन कॅमेऱ्याला, 26 मिमी समजू, 4K मध्ये एक अंश म्हणजे फ्रेमच्या मध्यावर जवळपास 48 पिक्सेल. हँडल अंशाचा दहावा भाग हललं की 5 पिक्सेलचा पुसटपणा, तो कोणाला दिसणार नाही. अर्धा अंश हललं तर 24 पिक्सेल, तो मात्र घाण दिसतो आणि फोकस गेलाय असं वाटतं. म्हणून ND लावायच्या आधी थरथर स्वतःच कमी करायला हवी. तेच अल्ट्रावाईडवर, 13 मिमीवर, एक अंश म्हणजे निम्मेच पिक्सेल, 24, म्हणून जेली पण निम्मी. बाईकसाठी मी अल्ट्रावाईडच सांगेन, फक्त तिचा रीडआउट वेगळा मोज, सेन्सर वेगळा असतो, आणि क्लिपवाला फिल्टर तिच्या कोपऱ्यात दिसत नाही ना ते घरीच तपास.

फ्रेम रेटबद्दल पण थोडं. 60 फ्रेमला सेन्सरला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदाच्या आतच वाचावी लागते, 120 ला 8.3 च्या आत, दुसरा इलाजच नाही. त्यामुळे 30 ला तुझा रीडआउट 20 असेल तर 60 ला तो नक्की खाली येणार, आणि लाटा पण त्याच प्रमाणात कमी. पण काही फोन 30 ला सुद्धा आधीच वेगात वाचतात, तिथे 60 करून काही मिळत नाही. चौकटीची टेस्ट दोन्ही मोडला करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

आता होल्डर. रबर लावलेला डॅम्पर होल्डर बाजारात मिळतो आणि लोक लावून म्हणतात फरकच पडला नाही, काहींचा तर आणखी बिघडतो, आणि दोन्ही खरं असू शकतं. डॅम्परवर बसवलेल्या फोनचा स्वतःचा एक डोलण्याचा वेग असतो. थरथर त्या वेगाच्या साधारण दीडपटीपेक्षा जास्त असेल तरच डॅम्पर ती अडवायला लागतो, त्याच्या खाली असेल तर तो थरथर वाढवतो. समज तुझा डॅम्पर सेकंदाला 15 वेळा डोलतो. 50 च्या थरथरीतला त्याच्यातून साधारण दहावा हिस्साच फोनपर्यंत पोचेल, फारच छान. पण 1500 आरपीएमच्या आयडलला, म्हणजे 25 ला, निम्म्याहून जास्त पोचेल. आणि आयडल 1200 असेल, म्हणजे 20, तर डॅम्पर उलट थोडं वाढवूनच देईल. रबर स्वतः थोडी ऊर्जा खातं म्हणून प्रत्यक्षात आकडे इतके टोकाचे येत नाहीत, पण दिशा हीच. म्हणून डॅम्पर वाईट आहे की चांगला हे उभ्या गाडीवर ठरवू नकोस, चालत्या गाडीच्या क्लिपवर ठरव.

कळायचं कसं? फोन बसव आणि बोटाने हलकी टिचकी मार. फोन सावकाश, डोळ्याला दिसेल असा दोन-चार वेळा डोलून थांबला तर डॅम्पर मऊ आहे, चालेल. टक्क आवाज करून जागच्या जागी थांबला तर रबर फोनच्या वजनाच्या मानाने फार कडक आहे, ते नसल्यातच जमा. तेव्हा एकतर मऊ रबर बघ, नाहीतर फोनच्या बाजूला वजन वाढव, जड केस, पाठीला एखादी धातूची पट्टी. वजन वाढलं की डोलण्याचा वेग खाली येतो, आणि थरथर अडवायला सुरुवात लवकर होते. दांडा जितका आखूड तितका बरा. मऊ डॅम्परमुळे फोन हळूहळू डोलताना दिसेल आणि तुला वाटेल हे काय नवीन, पण तो डोल सेकंदाला काही मोजक्या वेळांचा आहे, आणि तसला हळू डोल फोनच्या किंवा एडिटरच्या स्टॅबिलायझेशनला सहज काढता येतो. डॅम्परकडून आपल्याला हेच हवंय, न निघणारी बारीक थरथर घेऊन निघणारा मोठा डोल द्यायचा.

हँडलचा हट्ट नसेल तर छातीवरचा पट्टा घे. माणसाचं अंग 50 ची थरथर चांगली खातं, जे उरतं ते श्वासाचं आणि खड्ड्यांचं हळू हलणं. मी तरी हँडलपेक्षा छातीलाच जास्त मार्क देईन, कारण दुसरं एक आहे, आणि ते व्हिडिओपेक्षा महत्त्वाचं आहे.

तुझ्या फोनच्या मेन कॅमेऱ्यात ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन असेल, तर त्यातली लेन्स छोट्या स्प्रिंगांवर आणि मॅग्नेटवर अधांतरी असते. हातातली थरथर सांभाळायला ती बनवलीय, इंजिनची नाही. अ‍ॅपलने तर 2021 मध्ये आपल्या सपोर्ट पेजवर स्पष्ट लिहिलंय की मोठ्या मोटरसायकलच्या इंजिनची तीव्र थरथर दीर्घकाळ बसत राहिली तर कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडवू शकते, त्यामुळे तशा गाडीवर आयफोन लावू नका, आणि मोपेड किंवा इलेक्ट्रिक स्कूटरवर लावायचाच तर डॅम्पर वापरा. ही भौतिक गोष्ट आहे, त्यामुळे तसली लेन्स असलेल्या इतर फोनांनाही धोका आहेच. बिघाड कसा ओळखायचा तर फोन टेबलावर टेकवून, गाडीपासून लांब, मेन कॅमेऱ्याने व्हिडिओ काढ. तिथेही चित्र थरथरत असेल, किंवा फोकस सारखा आत-बाहेर करत असेल, किंवा कॅमेरा उघडल्यावर बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर लेन्सच्या यंत्रणेला लागलंय, आणि ते एडिटिंगने जाणारं नाही. फोन हलवल्यावर कॅमेरा बंद असताना आत बारीक खुळखुळ आली तर मात्र घाबरू नकोस, अधांतरी लेन्सचा तो नेहमीचा आवाज आहे.

आणि तुझ्या सध्याच्या लडबडीत ह्या लेन्सचा हात किती आहे हे पण काढता येतं. बहुतेक फोनच्या अल्ट्रावाईडला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन नसतं. त्याच होल्डरवर, त्याच रस्त्याला, त्याच आरपीएमला दोन्ही लेन्सने एकेक क्लिप काढ. अल्ट्रावाईडवर लडबड साधारण निम्मी झाली तर ती नुसती लेन्सच्या कोनाची करामत. निम्म्यापेक्षा खूपच कमी, जवळपास गायब झाली, तर मेन कॅमेऱ्याची लेन्स आतल्या आत आपटत होती, आणि मग तो कॅमेरा हँडलवर परत लावायचा नाही.

तू विचारलं नाहीस पण कोणीतरी Gyroflow नावाचं सॉफ्टवेअर सुचवेलच, म्हणून लिहिते. फुकट आहे, चांगलं आहे, आणि चित्रावरून अंदाज न करता फोनच्या जायरोच्या, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या, नोंदीवरून प्रत्येक ओळ कुठे होती ते काढतं, म्हणून एका फ्रेमच्या आतली हालचाल त्याला कळते. त्यात `Frame readout time` मिलिसेकंदात मागतं, तिथे तुझा 20 टाकायचा. पण जायरोची नोंद शूट करतानाच झालेली हवी, म्हणजे तुझ्या जुन्या क्लिपना त्याचा ह्या बाबतीत उपयोग नाही. पुढे वापरायचं तर शूटबरोबर जायरो नोंदवणारं अ‍ॅप चालवावं लागेल आणि दोन्ही स्टॅबिलायझेशन बंद ठेवावी लागतील, ऑप्टिकल तर नक्कीच, कारण लेन्स आपली आपण हलली तर जायरोला ते माहीतच नसतं. आणि फोनवर अ‍ॅपला जायरो सेकंदाला साधारण 100 ते 200 वेळाच मिळतो. 100 वेळा मिळत असेल तर 50 ची थरथर अगदी काठावर आहे, त्याच्या वरची त्याला चुकीचीच कळणार. त्यामुळे हे सुद्धा डॅम्परच्या नंतरचं काम, डॅम्परच्या जागी नाही.

तर सगळं एकदम बदलू नकोस, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही. आधी फक्त मऊ डॅम्पर आणि अल्ट्रावाईड, शटर ऑटो. एकाच सरळ रस्त्यावर, एकाच गियरमध्ये, 3000 आणि मग 4500 वर अर्धा-अर्धा मिनिट, दोन्हीकडे कडेचे खांब येतील असं बघ. गाडीला आरपीएमचा काटा नसेल तर तोच गियर आणि तोच स्पीड धर, दोन क्लिपची तुलना करायला तेवढं पुरतं. पॉज करून खांबाचा वाकडेपणा मोज. मग त्यावर ND64 आणि 1/50 लावून तोच फेरा परत. पहिल्या फेरीतच खांब सरळ आला तर फिल्टर घेऊच नकोस, फास्ट शटरची शार्पनेस ठेव आणि एडिटिंगमध्ये फक्त 60 टाकून तिरपेपणा काढ, तुझा आकडा वेगळा आला तर तो.